घंटागाडीचे महिना चाळीस रुपये

ग्रामसभेत सरपंचांनी ‘आता दारात घंटागाडी येणार’ असं सांगितलं की लोक खूश होतात. ‘त्याचे महिन्याला चाळीस रुपये’ म्हटलं की मागून कुणीतरी उठतोच: “घरपट्टीत आरोग्य कर भरतोय की आम्ही, तो कशाचा मग?” प्रश्न अगदी रास्त आहे. ‘स्वच्छता ही सर्वांची जबाबदारी’ असं म्हणून तो टोलवला, तर योजना तिथेच अर्धी मेली म्हणायची. तिथं हिशोबच मांडावा लागतो.

समजा, गावात 420 घरं आणि 2,000 माणसं आहेत. आरोग्य कर घरटी वर्षाला 50 रुपये धरला, तर सगळ्यांनी भरूनही महिन्याला 1,750 रुपये हाती येतात. गटारांची सफाई आणि पावसाळ्यातली फवारणी यातच ते संपतात. मग सरकारचा पैसा कुठे जातो? स्वच्छ भारत मिशन ग्रामीणचा दुसरा टप्पा 2020मध्ये सुरू झाला. त्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. म्हणजे आपल्या गावाला 1,20,000 रुपये. पण हा पैसा एकदाच येतो आणि तो खतखड्डे, शेड, गाडी अशा वस्तूंसाठी असतो. गाडी येते, ती रोज चालवणाऱ्याचा पगार येत नाही. सरपंचांनी भाषणात आधी हेच सांगावं. कित्येक गावांत कार्यालयामागे हवा गेलेल्या चाकांवर उभी असलेली घंटागाडी दिसते, ती यामुळेच.

आता महिन्याचा खर्च पाहू. आठवड्यातून तीन दिवस, सकाळच्या वेळी, दोन माणसं. प्रत्येकी 6,500 धरले तर 13,000. चार्जिंग, दुरुस्ती, हातमोजे यांना 2,500. एकूण 15,500. सगळ्या घरांनी चाळीस रुपये दिले तर 16,800 जमतात, पण पहिल्या महिन्यापासून सगळे देतील असं समजणारा सरपंच गाव ओळखत नाही. निम्म्या घरांनी दिले तर 8,400 जमतील आणि 7,100ची तूट येईल. ही तूट सहा महिने ग्रामनिधीतून भरू, त्यानंतर वसुली कुठवर आली ते याच सभेत वाचून दाखवू, असं सरपंच म्हणाले तर लोकांना त्यात फसवणूक वाटत नाही.

खेड्यातला कचरा शहरासारखा नसतो, हेही भाषणात यायला हवं. भाजीचे देठ, शिळी भाकरी गोठ्यात नाही तर उकिरड्यावर जाते. ज्यांच्या दारात उकिरडा आहे त्यांनी ओला कचरा गाडीत टाकूच नये. तेवढ्याने गाडीचं ओझं बरंच हलकं होतं. बाटल्या, पत्रा, पुठ्ठा भंगारवाला नेतो. खरा त्रास उरतो तो कुणीही विकत न घेणाऱ्या मालाचा: कुरकुऱ्यांची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, फाटक्या चपला, लहान मुलांचे डायपर. आज हे सगळं ओढ्याच्या कडेला पडतं किंवा संध्याकाळी पेटवलं जातं. सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे, कागदात गुंडाळून द्यायचे, हे स्पष्ट सांगायला संकोच नको. कचरा वेगळा करणारी माणसं बहुतेक घरांत बायकाच असतात. म्हणून ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत हा विषय नीट चर्चेला आला तर मोठ्या सभेत सरपंचांना फार बोलावं लागत नाही.

घरात वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्रच ओतलेला एकदा दिसला की दुसऱ्या आठवड्यापासून कुणी वेगळा करत नाही. गाडीत दोन कप्पे हवेत आणि शेडमध्ये निवडणारं माणूस हवं. आमच्या मते गाडीच्या भोंग्यावरल्या गाण्यापेक्षा हे कप्पे महत्त्वाचे.

फी न भरणाऱ्याचा कचरा उचलू नये, अशी सूचना सभेत हमखास येते. ती ऐकायला न्यायाची वाटते, पण तो कचरा नाहीसा होत नाही, रात्री ओढ्यात जातो. कचरा सगळ्यांचा उचलावा आणि थकबाकीचा तगादा घरपट्टीच्या वसुलीबरोबर लावावा. पैसे घेणारा आणि गाडी चालवणारा एकच नसावा, आणि पावती प्रत्येक वेळी मिळावी. नाहीतर ‘मी दिले होते’चे वाद पारावर सुरू होतात.

ठराव कोणत्या सभेत झाला यालाही महत्त्व आहे. ग्रामसभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तिथे वीस जणांनी हात वर करून फी मंजूर केली तर कागदोपत्री चालतं, पण वसुलीला गेल्यावर उरलेल्या चारशे घरांकडून “आम्हाला कुणी विचारलं?” हे ऐकावं लागतं. मुंबई-पुण्याला गेलेल्यांच्या कुलूपबंद घरांचं काय, दुकान आणि चहाच्या टपरीला किती, एकट्या म्हातारीला सूट द्यायची का, हेही त्याच भरल्या सभेत ठरवून ठरावात लिहून घ्यावं.