बाराशे रुपये आणि न संपणारी वजाबाकी

टेबलावर १२०० रुपये ठेवले आहेत असं समजा. पहिल्या दिवशी त्यातला दोनाचा वर्ग भाग, म्हणजे एक चतुर्थांश उचलायचा. दुसऱ्या दिवशी उरलेल्यातला एक नवमांश, तिसऱ्या दिवशी उरलेल्यातला सोळावा भाग, मग पंचविसावा, मग छत्तिसावा. हे कधीच थांबवायचं नाही. शेवटी टेबलावर काय राहील?

रोज काहीतरी जातंच, तेव्हा एक दिवस टेबल रिकामं होणार, असं पटकन वाटतं. पण हिशोब मांडून पाहा: १२०० चे ९००, मग ८००, ७५०, ७२०, ७००. पाच दिवसांत पाचशे गेले खरे, पण घट ३००, १००, ५०, ३०, २० अशी आक्रसत चालली आहे.

उचलायचा भाग १/क² असेल, तर मागे १ − १/क² राहतो. म्हणजे आपण ३/४, ८/९, १५/१६, २४/२५ असे अपूर्णांक एकामागून एक गुणत आहोत. हे नुसते पाहून काही सुचत नाही. इथे कामाला येतं ते शाळेतलं जुनं सूत्र, दोन वर्गांची वजाबाकी. क² − १ म्हणजे (क − १)(क + १). तेव्हा ८/९ हा २/३ आणि ४/३ यांचा गुणाकार, १५/१६ हा ३/४ आणि ५/४ यांचा. सगळे असे फोडून ओळीत लिहू:

(१/२ · ३/२) (२/३ · ४/३) (३/४ · ५/४) (४/५ · ६/५) …

पहिल्या कंसातला ३/२ दुसऱ्यातल्या २/३ ला भेटतो आणि दोघंही नाहीसे होतात. ४/३ पुढच्या ३/४ बरोबर जातो, ५/४ हा ४/५ बरोबर. घडीच्या दुर्बिणीच्या नळ्या एकीत एक सरकाव्यात तशी ही लांबलचक ओळ मिटते, म्हणून या युक्तीला दुर्बिणीचंच नाव आहे. दोन टोकं तेवढी उरतात: सुरुवातीचा १/२ आणि शेवटचा (क + १)/क, कारण त्याचा जोडीदार अजून यायचा असतो. म्हणजे क पर्यंतचा गुणाकार (क + १)/२क. क = ६ घातला तर ७/१२, आणि बाराशेचे सातशे. वरच्या हिशोबाशी जुळलं.

आता क वाढवत नेला की (क + १)/क हा १ च्या हवा तितका जवळ जातो. म्हणून उत्तर १/२. टेबलावरची रक्कम ६०० कडे सरकत राहते, पण त्याच्या खाली कधीच जात नाही.

एक चूक मात्र इथे हमखास होते. दुर्बीण मिटवण्याऐवजी कोणी डावे अपूर्णांक एका बाजूला आणि उजवे दुसऱ्या बाजूला गोळा करतो. क = १०० पर्यंत हे चालतं. डावीकडे १/२ · २/३ · ३/४ … मिळून १/१००, म्हणजे बाराशेचे फक्त १२ रुपये. (वर्ग न करता नुसता अर्धा, तिसरा, चौथा भाग उचलत गेलो असतो, तर खरोखरच एवढे उरले असते, आणि पुढे टेबल शून्याकडे गेलं असतं.) उजवीकडे ३/२ · ४/३ … मिळून १०१/२, म्हणजे साडेपन्नास. बारा गुणिले साडेपन्नास, ६०६. अगदी बरोबर. पण दोन्ही ओळी आधीच अनंतापर्यंत नेल्या, तर एकीचं शून्य होतं, दुसरी बेफाम वाढते, आणि शून्य गुणिले अनंत यातून काहीच हाती लागत नाही. म्हणून आधी कुठेतरी थांबून गुणाकार करायचा, मग थांबण्याची जागा दूर सारायची.

कॅल्क्युलेटरही इथे चकवतो. हजाराव्या पायरीला रक्कम ६०० रुपये ६० पैसे असते, आणि पुढची पायरी त्यातून एक पैसाही कमी करत नाही, जेमतेम पैशाचा सोळावा भाग. आकडा स्थिरावला असं वाटतं, पण अजून ६० पैसे जायचे बाकी आहेत! पायरीची घट क² च्या हिशोबाने लहान होते, उरलेलं अंतर मात्र नुसत्या क च्या.

आणि फक्त सम संख्यांचे वर्ग घेतले तर? आधी चौथा भाग, मग सोळावा, मग छत्तिसावा. फोड तशीच होते: (१/२ · ३/२)(३/४ · ५/४)(५/६ · ७/६). पण आता वर सगळे विषम, खाली सगळे सम. एकही जोडी जुळत नाही, दुर्बीण मिटतच नाही. इंग्लंडच्या जॉन वॉलिसने १६५६ मध्ये याचं मूल्य छापलं: दोन भागिले पाय. टेबलावर सुमारे ७६४ रुपये, आणि वर्तुळ कुठेच काढलेलं नसताना त्यात आलेला पाय.