आयोगाने ‘दोषी’ ठरवले, मग शिक्षा का नाही?

9 ऑगस्ट 2011 रोजी पवना जलवाहिनीविरोधातल्या आंदोलनात मावळातल्या बऊर इथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले आणि न्यायालयीन चौकशी लागली. तेव्हापासून हा प्रश्न ऐकू येतो: निवृत्त न्यायमूर्ती चौकशी करतात, मग निकालच का देत नाहीत?

खुर्चीत न्यायमूर्ती असले तरी चौकशी आयोग हे न्यायालय नव्हे. 1952 च्या चौकशी आयोग कायद्याने त्याला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार मिळतात: समन्स काढणे, शपथेवर साक्ष घेणे, सरकारी दफ्तर मागवणे. शिक्षा देण्याचा अधिकार मात्र नाही. दालमिया प्रकरणात 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आयोगाचे निष्कर्ष म्हणजे शिफारशी. त्यांची आपोआप अंमलबजावणी होत नाही.

आयोग सरकारपासून पूर्ण स्वतंत्र असतो, हाही गैरसमजच. मुंबईच्या 1992-93 च्या दंगलींसाठी नेमलेला श्रीकृष्ण आयोग जानेवारी 1996 मध्ये राज्य सरकारने गुंडाळला आणि मे महिन्यात पुन्हा सुरू केला. सोबत मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांचा विषयही जोडला. हा अधिकार कायद्यातच आहे. न्या. श्रीकृष्ण यांनी फेब्रुवारी 1998 मध्ये अहवाल दिला. तो सहा महिन्यांत, काय कारवाई केली याच्या टिपणासह विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक होते. ऑगस्टमध्ये तो ठेवला गेला, पण सरकारने त्याचे मुख्य निष्कर्ष नाकारले. तसे करायला कायद्याची आडकाठी नव्हती.

सर्वांत मोठी निराशा पुढच्या टप्प्यावर होते. आयोगाने सुलेमान बेकरीवरच्या पोलीस कारवाईवर कडक ताशेरे ओढले होते. सरकार बदलल्यावर 2001 मध्ये गुन्हा नोंदवला गेला. त्या कारवाईतल्या ज्येष्ठ पोलीस अधिकाऱ्याला 2003 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपमुक्त केले आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो निर्णय टिकला. अहवाल हा गुन्ह्याचा पुरावा नसतो. पोलिसांना पुन्हा तपास करून साक्षीदार आणि कागद नव्याने उभे करावे लागतात आणि तोवर वर्षे निघून गेलेली असतात. शिवाय कलम 6 नुसार आयोगापुढे दिलेला जबाब त्याच माणसाविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीच्या खटल्याचा. हे संरक्षण नसते, तर तिथे कोण मोकळेपणाने बोलले असते?

म्हणून आयोग निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. एरवी बाहेर न येणारे पोलीस दफ्तर तो मागवू शकतो. ज्याच्या नावलौकिकाला धक्का लागू शकतो त्याला कलम 8-ब प्रमाणे बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. ती डावलली, तर त्याच्याबद्दलचे निष्कर्ष उच्च न्यायालयात टिकणे कठीण. अहवालाची बातमी आली की ‘दोषी’ या शब्दावर न थांबता कारवाईचे टिपण मागावे. कोणती शिफारस मान्य, कोणती अमान्य आणि गुन्हा नोंदवणार की नाही, हे त्यातच कळते.