भिंतीवरचे घडीचे इस्त्री टेबल

भिंतीवर बिजागरीने बसवलेल्या इस्त्री टेबलाचा खरा भार फळीच्या वजनाचा नसतो, तो टोकावर दाबणाऱ्या हाताचा असतो. लातूरला क्लाससाठी आलेल्या मुलांच्या दहा बाय दहाच्या खोलीत 90 सेंटिमीटरची फळी बसवायची आहे असे धरू. भिंतीपासून 80 सेंटिमीटरवर 20 किलोचा दाब पडला आणि ब्रॅकेटचे वरचे-खालचे स्क्रू 20 सेंटिमीटर अंतरावर असले, तर वरच्या स्क्रूंवर 80 किलोची ओढ येते. अंतर 40 सेंटिमीटर केले की ती निम्मी होते. म्हणून जाड पत्र्यापेक्षा उंच ब्रॅकेट घ्यावा.

भिंत कसली आहे, हे ड्रिलची भुकटी सांगते. लाल भुकटी विटेची. तिथे चांगला रावळप्लग धरतो, मात्र तो नुसत्या गिलाव्यात राहता कामा नये. मऊ, पांढरट भुकटी हलक्या ब्लॉकची. त्याला खास प्लग लागतो. मातीच निघाली तर बेत सोडावा. 1993च्या किल्लारी भूकंपात अशाच दगडमातीच्या भिंतींचे थर सुटून कोसळले होते.

बिजागरी साधारण कोपराखाली, 85 ते 90 सेंटिमीटर उंचीवर असावी. मिटलेली फळी तिथून वर जवळपास 180 सेंटिमीटरपर्यंत जाते, त्यामुळे वरची भिंत रिकामी हवी. उघडताना टोक पुढे 90 सेंटिमीटर येते. शिवाय उभे राहायला बाजूला 60 सेंटिमीटर लागतात. दाराचे पान या पट्ट्यात फिरत असेल तर जागा चुकली. जमिनीवर खडूने आखून दार उघडून पाहावे. ड्रिल मारण्याआधीच.