प्रोजेक्ट चालला, पण पेपरमध्ये मांडायचं काय?

पावसाळ्यात वसईच्या होळी भागातल्या रस्त्यावर किती पाणी साचलं, हे मोबाइलवर कळवणारं यंत्र अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी बनवलं, असं समजा. खांबावर अल्ट्रासॉनिक सेन्सर, खाली पाणी. असे प्रोजेक्ट ढिगाने होतात. ‘यंत्र चालतं’ एवढ्यावर कॉन्फरन्सचा पेपर उभा राहत नाही.

सेन्सर प्रतिध्वनीच्या वेळेवरून अंतर काढतो. कोडमध्ये ध्वनीचा वेग बहुधा सेकंदाला ३४३ मीटर धरलेला असतो. हा झाला २० अंश सेल्सिअसचा वेग. ३५ अंशांना तो सुमारे ३५२ होतो. त्यामुळे २ मीटर खाली असलेलं पाणी प्रत्यक्षापेक्षा ५ सेंटिमीटर वर दिसतं. पेपरचा प्रश्न इथे सापडतो.

मग प्रयोगही ठरतो. खरं अंतर टेपने मोजायचं, पहाटे आणि भर दुपारी प्रत्येकी ३० रीडिंग घ्यायची आणि तापमानाची दुरुस्ती करून व न करता आलेली सरासरी चूक शेजारी-शेजारी मांडायची. दुरुस्तीनंतरही चूक उरली, तर तीही छापायची. पाण्यावरच्या लाटांचा परिणाम वेगळा तपासावा लागतो. सर्किटचा फोटो एकच पुरे.

संदर्भांत सेन्सरची डेटाशीट, ध्वनिवेगाच्या सूत्राचा आधार आणि हीच चूक मोजलेले आधीचे पेपर हवेत. ‘आयओटी म्हणजे काय’ सांगणारे दहा संदर्भ खुशाल गाळावेत.