शिक्षकाच्या मनातील यादी

वर्ग सुरू होऊन पंधरवडा लोटला, की हुशार कोण आणि मंद कोण याची एक यादी शिक्षकाच्या मनात तयार होते. ही यादी मुलाला केवळ ओळखते की घडवतेही, हे पाहण्यासाठी रॉबर्ट रोझेन्थाल हे मानसशास्त्रज्ञ व लेनोर जेकबसन या मुख्याध्यापिका यांनी १९६४ साली कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत प्रयोग केला. बुद्धिचाचणी घेऊन त्यांनी शिक्षकांना काही नावे दिली व ही मुले यंदा झपाट्याने पुढे येतील, असे सांगितले. वास्तविक ती नावे, दर पाचांत सुमारे एक, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. आठ महिन्यांनंतर पहिलीतील इतर मुलांचा बुद्ध्यंक सरासरी १२ अंकांनी, तर या मुलांचा २७ अंकांनी वाढलेला आढळला. वरच्या इयत्तांत मात्र असा ठळक फरक दिसला नाही.

या प्रयोगावर पुष्कळ टीका झाली. शिक्षकांचे अंदाज बहुधा बरोबर असतात आणि अपेक्षेचा परिणाम सामान्यतः लहान असतो, असे पुढील संशोधनातून दिसले. तरीही ज्या मुलाविषयीचा अंदाज चुकला, त्याचे नुकसान त्यामुळे टळत नाही.

हे नुकसान होते कसे? जेरे ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी पहिलीच्या वर्गांत बसून केलेल्या नोंदी १९७० साली प्रसिद्ध झाल्या. यादीत वर असलेले मूल चुकले, तर शिक्षक प्रश्न फिरवून विचारीत किंवा खूण सांगत. खालचे मूल चुकले, तर बहुधा उत्तर सांगून टाकीत वा दुसऱ्याला विचारीत. म्हणजे विचार करण्याची संधीच कमी मिळे.

समजा, घरी मराठी बोलणारी एक मुलगी कानडी माध्यमाच्या वर्गात आहे. उत्तर तिला ठाऊक आहे, पण शब्द जुळवायला चार सेकंद लागतात. शिक्षक एकाच सेकंदात पुढे सरकले, तर तिचे मौन हे अज्ञान ठरते; पुढे तिला विचारणेच कमी होते आणि वर्षअखेर ती खरोखरच मागे पडते.

यावर उपाय साधा आहे. शिक्षकाने वरची पाच व खालची पाच नावे कागदावर लिहावीत आणि तो कागद सहकाऱ्याला न दाखवता त्याला मागील बाकावर बसवावे. सहकाऱ्याने प्रत्येक मुलाला किती प्रश्न विचारले, किती सेकंद वाट पाहिली आणि चुकल्यावर काय केले, एवढेच टिपावे. एका तासावरून निष्कर्ष काढू नये. चार-पाच तासांच्या नोंदी झाल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. उत्तरपत्रिका तपासताना नावाचे पान दुमडावे आणि सर्वांचा एक प्रश्न संपल्यावरच दुसरा घ्यावा.

नुसते ‘आम्ही सर्वांना सारखे मानतो’ म्हणण्यापेक्षा या कागदावरील रेघा अधिक खरे सांगतात, असे आम्हांस वाटते.