विरहिणीचा आवाज : भक्तिकाव्यातील प्रियकर-प्रेयसीचा मागोवा

भारतीय भक्तिकाव्यातली विरहिणी देवळात जन्मली नाही. तिचे सर्वांत जुने सापडणारे घर म्हणजे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले तमिळ संगम काव्य. त्यातल्या ‘अहम्’ म्हणजे अंतरंगाच्या कवितांना देवाशी कर्तव्य नव्हते. त्या स्त्री-पुरुषांच्या प्रेमाच्या होत्या, आणि त्यांचे नियम कडक होते. प्रेमाची प्रत्येक अवस्था एका भूप्रदेशाशी जोडलेली असे. मीलन डोंगरात, धीराने वाट पाहणे रानात, रुसवा भातखाचरांत, घालमेल समुद्रकाठी आणि दीर्घ ताटातूट होरपळलेल्या माळरानावर. कवी स्वतःच्या नावाने बोलत नसे. बोलत ती नायिका, तिची मैत्रीण, तिची आई किंवा नायक. यातला एक नियम पुढच्या इतिहासासाठी फार मोलाचा ठरला: या कवितांत प्रेमिकांचे नाव घ्यायचे नाही. नायक कुणीही असू शकतो, म्हणून कविता कुणाचीही होऊ शकते.

सहाव्या ते नवव्या शतकांच्या दरम्यान विष्णुभक्त आळवारांनी नेमका हाच नियम मोडला. डोंगर, समुद्र, आई, मैत्रीण हे सारे तसेच ठेवून त्यांनी नायकाच्या रिकाम्या जागी नाव घातले, तेही गावासकट: वेंकट डोंगरावरचा, श्रीरंगमचा, अमुक देवळात उभा असलेला. निनावी प्रियकराला पत्ता मिळाला आणि प्रेमकविता तीर्थक्षेत्राची कविता झाली.

नम्माळवारांच्या ‘तिरुवायमोळी’त हे सर्वांत स्पष्ट दिसते. 1102 पदांचा हा ग्रंथ साधारण अकरा-अकरा पदांच्या 100 गटांत बांधलेला आहे. त्यांपैकी 27 गटांत हा पुरुष कवी स्त्रीच्या तोंडून बोलतो: 17 गटांत नायिका, 7 गटांत आई आणि 3 गटांत मैत्रीण. यांत आईचे गट वाचकाला अधिक हलवतात. एका गटात मुलगी मातीला हात लावून ही वामनाने मोजलेली जमीन असे सांगते, आकाशाकडे पाहून त्याच्या वैकुंठाला हात जोडते, वारा अंगाला लागला की तोच आला म्हणून त्याला कवटाळायला जाते. आईला हे वेड वाटते आणि ती शेजारणींना विचारते, आता करावे काय? मुलीची अवस्था सांगायला कवीने मुलीलाच बोलू दिले असते, तर ती प्रार्थना झाली असती. आई बोलते म्हणून वाचक बाहेर उभा राहतो आणि त्या वेडाचा अर्थ त्याला स्वतःलाच लावावा लागतो. देव सर्वत्र आहे हा सिद्धान्त इथे एका घाबरलेल्या बाईच्या तक्रारीतून कळतो. संगमकाळच्या तंत्राचा यापेक्षा नेमका उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

पुरुषाने स्त्री का व्हावे, हा प्रश्न पुढच्या श्रीवैष्णव भाष्यकारांना पडला. त्यांनी उत्तर दिले की ज्ञानाच्या अवस्थेत आळवार स्वतःच्या आवाजात बोलतात आणि प्रेमाच्या अवस्थेत स्त्रीच्या. जीव पूर्णपणे ईश्वरावर अवलंबून आहे, हे त्यांना या रूपकात दिसले. स्पष्टीकरण सुरेख आहे, पण त्यात त्या काळची पती-पत्नीची उतरंडही गृहीत धरलेली आहे, हे नजरेआड करता येत नाही.

श्रीविल्लिपुत्तूरच्या आंडाळला मुखवट्याची गरज नव्हती. ती स्त्रीच होती. ‘नाच्चियार तिरुमोळी’च्या 143 पदांत ती आधी कामदेवाकडे विष्णूच नवरा मागते, ढगांना दूत करते आणि देवाच्या मुखाची चव कशी असते हे त्याच्या शंखाला विचारते. तिचे 30 पदांचे ‘तिरुप्पावै’ आजही मार्गळी महिन्यात देवळांत आणि घरांत म्हटले जाते. ‘नाच्चियार तिरुमोळी’तला तिच्या लग्नाच्या स्वप्नाचा भाग विवाहसमारंभात म्हणतात. त्यातल्या धीट पदांना मात्र एवढी जागा मिळालेली नाही.

बाराव्या शतकात कर्नाटकात अक्कमहादेवीने चेन्नमल्लिकार्जुनाला पती मानले. तिच्या वचनांत विरहाइतकाच लौकिक नवऱ्याचा नकारही आहे: मरणारे, कुजणारे नवरे तिला नको होते. मीराबाईच्या नावावरच्या पदांतही सासरशी असाच संघर्ष आहे. पुरुष कवीला स्त्री होणे ही काव्यातली भूमिका होती. या स्त्रियांना त्याच रूपकासाठी घर सोडावे लागले.

बाराव्याच शतकात पूर्वेकडे रूपकाने वेगळे वळण घेतले. जयदेवाच्या संस्कृत ‘गीतगोविंदा’त 12 सर्ग आणि 24 गीते आहेत. त्यात कवी स्वतः नायिका होत नाही. राधा आणि कृष्ण दोघेही समोर आहेत, मध्ये सखी निरोप नेते आणि कवी प्रत्येक गीताच्या शेवटी आपले नाव घालून बाजूला उभा राहतो. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातल्या 1499च्या शिलालेखात राजा प्रतापरुद्राने देवापुढे याच काव्याचे गायन व्हावे अशी आज्ञा केली आहे. बंगालच्या चैतन्य संप्रदायात पुढे सखीची ही जागाच साधकाची जागा ठरली. भक्ताने राधा व्हायचे नाही, राधेची सेवा करायची. तमिळ परंपरेपासूनचा हा सर्वांत मोठा फरक आहे.

मराठीत ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या विराण्या हाच विरह गातात. अंगणात ओरडणाऱ्या कावळ्याला पाहुण्याची वार्ता विचारणारी त्यांची विरहिणी तर घराघरांत पोचलेली आहे. हाच कावळ्याचा शकुन ‘कुरुंतोगै’ या संगम संग्रहातही येतो, आणि ती कविता रचणाऱ्या कवयित्रीच्या नावालाच पुढे ‘कावळा’ चिकटला. हा धागा एका काव्यातून दुसऱ्यात आला, असे यावरून म्हणता येत नाही. शकुन लोकजीवनातलाच आहे. मराठी विराण्यांचे वेगळेपण मुद्रेत आहे: ज्याच्यासाठी ती झुरते त्याला ती रखुमादेवीवर म्हणते, दुसरीचा नवरा. तरीही वारकरी परंपरेत विराणी आणि गवळण हा एक प्रवाहच राहिला. विठोबाशी नाते सांगायला इथल्या संतांनी बहुधा आई निवडली.

सूफी कवींनी दोन्ही दिशा वापरल्या. जायसीच्या 1540च्या अवधी ‘पद्मावत’मध्ये साधक पुरुष आहे आणि दिव्य सौंदर्य स्त्रीचे. रत्नसेन तिच्यासाठी जोगी होऊन निघतो. पंजाबीत शाह हुसेन आणि बुल्लेशाह हीर होऊन रांझ्याला शोधतात, सिंधीत शाह अब्दुल लतीफ ससुईला वाळवंटातून चालवतात. इथली नायिका पुराणातली नाही, लोककथेतली आहे.

सर्वांत धाडसी टोक सतराव्या शतकात तेलुगू पदकार क्षेत्रय्याने गाठले. त्याच्या अनेक पदांतली नायिका गणिका आहे आणि मुव्वगोपाल हा देव तिचा ग्राहक. तिथे देव वाट पाहतो, सबबी सांगतो, पैशांवरून बोलणी खातो. नायिकेचा वरचष्मा एवढा वाढला की भक्ती कुठे संपते आणि दरबारी शृंगार कुठे सुरू होतो, हे पदावरून सांगता येत नाही. तंजावरच्या मराठा राजा प्रतापसिंह भोसले याच्या दरबारातल्या मुद्दुपळनीने ‘राधिका सांत्वनमु’ हे काव्य याच वातावरणात रचले. बंगळूर नागरत्नम्मांनी 1910 साली ते मूळ स्वरूपात छापले, तेव्हा ते अश्लील ठरवून त्यावर बंदी घालण्यात आली. ती 1947 साली उठली.