एक शून्य जास्त पडलं तर

घरभाडं ४,५०० रुपये आणि बोटाने घाईत एक शून्य जास्त दाबलं, तर पडद्यावर ४५,००० उमटतात. दोन्ही आकड्यांची सुरुवात सारखीच असल्याने नजर सहज फसते. पण खाली ‘पंचेचाळीस हजार रुपये फक्त’ अशी ओळ दिसली, की हात थांबतो. म्हणूनच अनेक पेमेंट ॲप्स रकमेखाली तीच रक्कम अक्षरांत दाखवतात.

ही सावधगिरी जुनीच. चेकवर रक्कम अंकांत आणि अक्षरांत दोन्ही लिहितात, आणि दोन्हींत फरक पडला तर १८८१च्या परक्राम्य संलेख कायद्यानुसार अक्षरांतली रक्कम खरी धरली जाते. ॲपमधली ओळ मात्र टाइप केलेल्या अंकांवरूनच तयार होते, त्यामुळे ती चूक स्वतःहून सुधारत नाही. फक्त वेगळ्या रूपात समोर ठेवते. वाचली तरच तिचा उपयोग.

इथे भाषा महत्त्वाची ठरते. ‘फॉर्टी फाइव्ह थाउजंड’ अडखळत वाचणाऱ्याला ‘पंचेचाळीस हजार’ क्षणात कळतं. मराठीतही सांभाळावं लागतं: ‘एकोणसाठ’ म्हणजे ५९ की ६९, असा गोंधळ अनेकांचा होतो. तिथे अंक आणि अक्षरं दोन्ही ताडून पाहावीत.

दुकानातला साउंडबॉक्स मराठीत रक्कम बोलतो, पण पैसे जमा झाल्यावर. यूपीआयमध्ये पिन टाकून व्यवहार पूर्ण झाला, की पाठवणाऱ्याला तो स्वतः मागे घेता येत नाही. जास्तीचे पैसे घेणाऱ्याकडूनच परत मागावे लागतात. त्यामुळे अक्षरांतली ओळ वाचायची ती पिन टाकण्याआधी.